साठ मीटर कोरी नळी

ठिबक सिंचनाचे आराखडे काढण्यात त्याचा हात कोणी धरत नसे, आणि हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं. दशांशापर्यंत अचूक हिशेब करतो म्हणून कंपनीत सगळे त्याला ‘दशांश’ म्हणत. म्हणून त्यानेच आखून दिलेल्या ताईच्या बागेतली झाडं सुकायला लागल्याचा फोन आला, तेव्हा बांधावर पाय न ठेवताच त्याने निदान ठोकून दिलं, “दाजी, आराखड्यात खोट नाही. फिल्टर तुंबलाय.”

फिल्टर धुण्याचं काम ताईचं होतं. त्या दिवसापासून दाजींनी तिला धारेवर धरलं. ती दिवसातून दोनदा जाळी धुई, तरी झाडं सुकतच राहिली.

महिन्याभराने दुसऱ्या एका बागेसाठी त्याने ताईच्या बागेचा जुना कागद उघडला आणि त्याला स्वतःची चूक दिसली. झाडापाशी थेंबथेंब पाणी सोडणारे ड्रिपर असलेल्या नळीत पाणी झाडागणिक कमी होत जातं, त्यामुळे घर्षणाने होणारी दाबाची घट पूर्ण प्रवाहाच्या हिशेबाने येते त्याच्या जेमतेम एक तृतीयांश धरायची असते. त्यासाठी एक गुणक असतो. पण ताईच्या बागेत प्रत्येक ओळीची नळी आधी साठ मीटर खडकाळ पट्ट्यातून जात होती. तिथे झाड नाही, ड्रिपर नाही, सगळं पाणी शेवटपर्यंत तसंच वाहतं. दशांश महाशयांनी तो गुणक त्या कोऱ्या नळीलाही लावून ठेवला होता! तिथली घट कागदावर तिपटीने कमी दिसत होती. पहिल्याच झाडाला दाब अपुरा पोचत होता, शेवटच्याची तर बातच सोडा.

दुसऱ्या दिवशी तो दाब मोजायचं गेज घेऊन बागेत गेला. फिल्टरच्या पुढे दाब पुरेसा, म्हणजे जाळी साफ. खडकाळ पट्टा ओलांडला की पडलेला.

“चूक माझी आहे, दाजी,” तो म्हणाला. लाजेने त्याला मान वर करवेना. “ताईची नाही. या पट्ट्यात जाड नळी घालावी लागेल.”

दाजी मोठ्याने हसले. “महिन्यापूर्वी छातीठोकपणे सांगत होतास, फिल्टर तुंबलाय. आता गेज तुझं, कागद तुझा, बहीणही तुझी! भाऊ शोभतोस खरा. पण तिला पाठीशी घालू नकोस.”

त्याने आकडे मांडले, गेज पुन्हा लावून दाखवलं, हात जोडले. तो जितकं समजावी, तितकी दाजींची खात्री पक्की होत गेली. न बघता चुकीचं बोललो तेव्हा एका फोनवर पटलं होतं, हे आठवून त्याला स्वतःचीच शिसारी आली.

दाजी गेल्यावर ताई जवळ आली. तिची बोटं पाण्याने पांढरी पडली होती.

“मला पटलंय तुझं,” ती म्हणाली. “पण आता जा. आणि पुन्हा माझी बाजू घेऊ नकोस. ‘तूच त्याला शिकवून आणलंस’ असं मला रात्रभर ऐकावं लागेल.”

आणि ती जाळी धुवायला वळली.