आर्वोच्या हातातली जांभळी पट्टी

मार्लिस कोस्केलाने तीस वर्षं वृद्धाश्रमात काढली. म्हाताऱ्यांना उठवायचं, न्हाऊ घालायचं, भरवायचं आणि वेळ आली की त्यांचे डोळे मिटायचे. जीभ तिखट, पण हात मऊ. नवरा गेल्यावर घर खायला उठायला लागलं, म्हणून ती गावच्या रुग्णवाहिकेवर बिनपगारी जाऊ लागली. मिशिगनच्या त्या उत्तर टोकाला रुग्णवाहिका अशीच चालते. शाळेचा बसवाला गाडी हाकतो, आणि मार्लिससारखी एखादी बाई मागे बसते.

त्या आश्रमात डीएनआर ही तीन अक्षरं पलंगाशी लावलेली असत. अर्थ एकच : याचं हृदय थांबलं तर पुन्हा चालू करायच्या खटपटीत पडू नका, सुखानं जाऊ द्या. मार्लिसने ती अक्षरं हजारदा वाचली होती, आणि त्यांच्यापुढे हात मागे घेतले होते.

गावात मात्र डीएनआर म्हणजे सरकारचं जंगल-पाण्याचं खातं, आणि त्या खात्याचा माणूससुद्धा. गोठलेल्या तळ्यावर कुणी ‘डीएनआर!’ ओरडलं की ठरल्यापेक्षा जास्त मासे धरणाऱ्यांची पळापळ व्हायची. हे मार्लिसलाही ठाऊक होतं. तिचा सख्खा भाऊ एकदा तसाच पकडला गेला होता, आणि पकडणारा होता आर्वो पेल्टोला.

हाच आर्वो, आता निवृत्त, फेब्रुवारीतल्या मासेमारीच्या जत्रेत बर्फावर कोसळला. पास्टीचा, म्हणजे तिकडच्या खिम्याच्या करंजीचा, घास तोंडात, आणि माणूस आडवा. जत्रेसाठी रुग्णवाहिका काठावरच उभी होती. मार्लिस घसरत धावली. श्वास नाही, नाडी नाही. तिने घास बोटाने काढला, कोट फाडला आणि दोन्ही हातांनी छाती दाबायला लागली. बसवाला कार्ल हृदयाला झटका द्यायचं मशीन आणायला पळाला.

आर्वोला मूलबाळ नाही. भाची डार्ला त्याच्या शेजारी राहायची आणि मामाचं भारी कौतुक करायची. ती रडत, अडखळत आली आणि मार्लिसचा खांदा धरून ओरडली, “तो डीएनआर आहे! अहो, डीएनआर आहे तो!”

आणि मार्लिसचे हात थांबले.

डीएनआरचा सहीचा कागद किंवा मनगटातलं कडं बघितल्याशिवाय थांबायचं नाही, हा नियम तिला तोंडपाठ होता. नव्या पोरांना तीच शिकवायची. पण तीस वर्षांची सवय मेली हातात बसलेली. डोक्याला कळायच्या आत हात वर आले होते. तिच्या गुडघ्यांपाशी आर्वोचा चेहरा राखेसारखा पडला होता.

“कागद कुठाय?” ती खेकसली. “मनगटात कडं आहे का? त्याने तसं लिहून दिलंय का?”

“कसला कागद?” डार्ला किंचाळली. “जंगलखात्याचा वॉर्डन होता ना तो! त्याच्या खात्याच्या माणसांना कळवा म्हणतेय मी!”

मार्लिस पुन्हा छातीवर वाकली. एक फासळी कडकन वाजली, तरी ती थांबली नाही. कार्लने मशीन लावलं, झटका दिला, ती पुन्हा दाबत राहिली, पुन्हा झटका, आणि आर्वोच्या घशातून घरघर आली. बर्फावर जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मार्लिस मात्र पाठ फिरवून स्ट्रेचर ओढायला लागली.

आर्वोला शहरातल्या मोठ्या इस्पितळात हलवलं. गावात जो तो मार्लिसची पाठ थोपटायला लागला. दुकानात कॉफीचे पैसे कुणी घेईना. “अगं, देवमाणूस आहेस तू,” शेजारीण म्हणाली, तेव्हा मार्लिस तिच्यावर उगाचच डाफरली. आपण थांबलो होतो. हे कुणाला दिसलं नाही, आणि दिसलं नाही म्हणून ते आणखीच आत रुतत गेलं. रविवारी चर्चला न जाता तिने गाडी काढली. आर्वोला सांगून मोकळं व्हायचं, असं तिनं ठरवलं होतं.

आर्वो उशाला टेकून बसला होता. डार्ला खाली कॉफी आणायला गेली होती.

“या बाईसाहेब!” तो म्हणाला. “फासळ्या मोडल्यास माझ्या. तुझ्या भावाला पकडलं त्याचा सूड घेतलास होय गं?”

मार्लिस हसली, आणि तिचं लक्ष त्याच्या मनगटाकडे गेलं. जांभळी पट्टी. इस्पितळात जांभळी पट्टी म्हणजे डीएनआर, हे तिला कुणी सांगायला नको होतं. अरे देवा, म्हणजे याला परत यायचंच नव्हतं? आणि आपण याची हाडं मोडून याला ओढून आणलं?

“आर्वो,” ती सावकाश म्हणाली, “ही पट्टी तू मागितलीस?”

“मी कशाला मागू? शुद्धीवर आलो तेव्हापासून आहे. दोन-चार बांधल्यात बघ.”

मार्लिस उठली आणि तडक नर्सकडे गेली. नर्सने संगणकात बघितलं. “भरती करताना भाचीला विचारलं होतं, हे डीएनआर आहेत का. त्या म्हणाल्या, हो, डीएनआर, आयुष्यभर.”

“आणि त्याला? त्याला कुणी विचारलं?”

“डॉक्टरांनी विचारलं असणार. तसा नियमच आहे.”

“असणार म्हणजे? बोलवा त्यांना.”

डॉक्टर व्हिटेकर आले. तरुण, दमलेले, रात्रभर जागलेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. “मी विचारलं होतं त्यांना. तुम्ही डीएनआर का, म्हणून. ते म्हणाले, एकतीस वर्षं. मला वाटलं, औषधाच्या गुंगीत बोलतायत. पण भाचीचंही तेच उत्तर होतं... अख्खं वाक्य विचारायला हवं होतं मी.”

मग ते पलंगापाशी बसले, आणि या वेळी एकही अक्षर आखडलं नाही. “पेल्टोलासाहेब, तुमचं हृदय पुन्हा थांबलं, तर आम्ही ते चालू करायचा प्रयत्न करावा, अशी तुमची इच्छा आहे का? छाती दाबू, झटके देऊ. जमेलच असं नाही.”

आर्वोने पट्टीकडे बघितलं, डॉक्टरांकडे बघितलं. चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरत गेलं.

“म्हणजे गेले चार दिवस... मी थांबलो असतो तर तुम्ही नुसते बघत उभे राहिला असता?”

डॉक्टरांनी मान खाली घातली. “हो.”

“करा प्रयत्न,” आर्वो म्हणाला. “कराच. मला जगायचंय, बाबांनो.”

डॉक्टरांनी स्वतः कात्रीने पट्टी कापली, भाचीच्या उत्तरावरून ती कशी बांधली गेली ते सांगितलं, माफी मागितली आणि नोंद बदलायला ते बाहेर गेले. आता सांगायलाच हवं, असं मार्लिसला वाटलं. नाही सांगितलं तर त्या पोरसवद्या डॉक्टरच्या चुकीमागे आपण लपल्यासारखं होईल.

“आर्वो, त्या दिवशी बर्फावर डार्ला तेच ओरडली, ‘डीएनआर आहे’ म्हणून. आणि मी थांबले. हात काढले मी तुझ्यावरून. मग विचारलं, आणि मग परत...”

तो ऐकत राहिला. दाराबाहेर डार्लाचा आवाज आला. ती कुणालातरी मामाच्या नोकरीबद्दल सांगत होती, हरखून.

“तिला यातलं काही सांगू नकोस,” आर्वो घाईघाईने कुजबुजला. “दोनदा तिच्याच तोंडून गेलंय ते. पोरीला सोसायचं नाही.”

“नाही सांगत.”

“तिला सोसायचं नाही हे तुला कळतं,” तो म्हणाला. “मग मला कशाला सांगितलंस गं?”

डार्ला कॉफी घेऊन आत आली, तेव्हा आर्वोने तोंड भिंतीकडे फिरवलं होतं.