तिसरा खड्डा

नगरपालिकेतल्या भूवैज्ञानिक बाईंना कचेरीत सगळे शंकासूर म्हणत. कचराभूमीसाठी कुणी जागा सुचवली, की यात ह्याचा काय डाव आहे, हाच त्यांचा पहिला प्रश्न. एक जागा नदीच्या पूररेषेत निघाली. दुसरीत वाळू लागली. तिथून कचऱ्याचं घाण पाणी थेट विहिरींत झिरपलं असतं. दोन्ही त्यांनी फटक्यासरशी उडवून लावल्या.

तिसरी जागा उंचावर होती, ओढ्यापासून लांब. भूजलही खोल. सगळ्यात जवळची वस्ती नियमात सांगितल्यापेक्षा दूरच होती, फक्त ती वस्ती बाईंच्या माहेरची होती.

"चिकणमाती लागली मॅडम, पाणी खाली न सोडणारी," सोबतचा अभियंता खड्ड्यात डोकावत म्हणाला.

"वरून कुणी आणून टाकली असेल. पलीकडे खणा."

पलीकडेही चिकणमातीच निघाली.

"आता तिकडे खणा. आणखी खोल."

अभियंत्याने घाम पुसला. "मॅडम, वाळूच्या जागेत आपण एकच खड्डा घेतला होता."

बाईंनी तिसऱ्या खड्ड्यातली ओली माती तळव्यांत वळली. तिची सुतळीसारखी बारीक वळी झाली, तुटेना; म्हणजे हीही चिकणमातीच. बाई मात्र ती वळतच राहिल्या. कुणाच्या पोटात काय आहे, ते त्यांना लगेच कळायचं. आज स्वतःच्या पोटातलं कळलं होतं.