किटमध्ये काय होतं

डोंबिवलीतल्या एका हॉस्पिटलच्या इन्शुरन्स डेस्कवर मी सहा वर्षं काढली. पेशंटची बिलं विमा कंपनीला पाठवायची आणि मंजुरी आली की डिस्चार्ज द्यायचा, हे माझं काम. बिलापेक्षा मंजुरी नेहमीच कमी यायची. लोक चिडायचे, मी "ते नॉन-पेएबल आहे, कंपनी देत नाही" म्हणायचे आणि पुढची फाइल घ्यायचे.

एकदा एका काकांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. मंजुरी आली ती साडेअकरा हजारांनी कमी. काकू तहसील कचेरीतून निवृत्त झालेल्या. त्यांनी चष्मा लावला आणि कापलेल्या रकमांची यादी वाचायला घेतली.

"हातमोजे कापलेत. अगं, डॉक्टर नुसत्या हातांनी ऑपरेशन करणार होते का?"

"तसं नाही काकू. हातमोजे, मास्क असल्या वस्तू पॉलिसीत बसतच नाहीत. आणि ही खालची नोंदणी फी तर उपचारांच्या खर्चातच धरायची असते. हॉस्पिटलने वेगळी लावली की कंपनी देत नाही, ती पेशंटवर येते."

"बरं. आणि हे सर्जिकल किट, साडेसात हजार? यात काय काय होतं?"

मी मूळ बिल काढून पाहिलं. त्यात 'सर्जिकल किट' एवढंच लिहिलेलं होतं. किटमधल्या वस्तू लिहिलेल्या नसतील तर कंपनी ते अख्खं कापते, हे मला ठाऊक होतं. तपशील मागवून पुन्हा पाठवता येतं, हेही ठाऊक होतं. पण त्यात दोन तास जातात, म्हणून मी कधी त्या वाटेला गेले नव्हते. काकूंसमोर मला ओशाळल्यासारखं झालं.

"तुम्ही थांबाल का?" मी विचारलं.

"आम्हाला कुठे गाडी पकडायचीय? हे झोपलेत वरती. तू कर सावकाश."

मी ऑपरेशन थिएटरच्या स्टोअरमध्ये गेले. तिथल्या सिस्टरने कुरकुरत का होईना, वस्तू आणि किमती लिहून दिल्या. टाक्यांचा धागा, लघवीची नळी, औषधं, आणि थोडे हातमोजे, टोप्या. बिल नव्याने काढून मी कंपनीला पाठवलं. चारच्या सुमारास सुधारित मंजुरी आली. किटमधले सहा हजार मंजूर झाले होते. हातमोजे, टोप्या, नोंदणी फी तशीच राहिली.

काकूंनी उरलेले पैसे शांतपणे भरले. "हे आमचेच होते, ते पटलं," म्हणाल्या. मग विचारलं, "या मोज्या-बिज्यांसाठी पॉलिसीत काही सोय नसते?"

"जादा हप्ता भरून वेगळं कव्हर मिळतं. नूतनीकरणाच्या वेळी विचारा."

त्यांनी बिलाच्या पाकिटामागे ते लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी बिलिंगच्या साहेबांना गाठलं आणि किटचा तपशील पहिल्याच बिलात छापून घ्यायचं कबूल करून घेतलं. ॲडमिशनच्या वेळी नातेवाइकांना खुर्ची देऊन, काय मिळणार नाही ते मराठीत सांगायलाही लागले. भांडणं संपली नाहीत, पण रोज घरी जाताना माझं डोकं दुखायचं, ते थांबलं. ते काम मला आवडतं, हे मला तेव्हा कुठे कळलं.