दोन्ही गोळ्या घेऊ का

आईच्या हृदयाची झडप बदलली तेव्हापासून आमच्या घरात एकाच गोष्टीचा धाक होता, रक्त पातळ करायच्या गोळीचा. ती चुकली तर झडपेवर गुठळी होणार, जास्त झाली तर रक्त थांबणार नाही. इकडे आड तिकडे विहीर. मी बारावी सायन्स, म्हणून शेलार गावात, माहेरी, मी अर्धी डॉक्टर. लग्न होऊन शहरात निजामपुऱ्यात आले तरी साध्या सर्दीलासुद्धा फोन मलाच यायचा. वैताग यायचा, खोटं कशाला बोलू.

भावाने तेव्हा नवा कॅमेऱ्याचा मोबाईल घेतला होता. एका दुपारी त्याच्याकडून फोटो आला. रक्ताच्या गोळीच्या खोक्यातला घडीचा कागद, आणि खाली लिहिलेलं, आई विचारते दोन्ही गोळ्या घेऊ का. दुसरी कुठली, म्हणून मी फोन लावला. आईचे गुडघे धरले होते आणि आमच्या चाळीतल्या, लूमवर कापड विणणाऱ्या भाडेकरणीने स्वतःच्या कंबरेची गोळी तिला दिली होती. शेजारधर्म! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बोटभर स्क्रीनवर मी तो कागद वाचायला बसले. वॉरफेरिन हे नाव दिसलं, रक्तस्रावाचा इशारा दिसला. कशाकशाबरोबर घेऊ नये त्याची यादीही होती, पण ती नेमकी घडीवर आलेली, अर्धी अक्षरं पुसट. जी वाचता आली त्यात भाडेकरणीच्या गोळीचं भावाने सांगितलेलं नाव काही सापडेना. क्षणभर जीव भांड्यात पडला. यादीत नाही म्हणजे चालत असेल. पण मनाला ते पटत नव्हतं. तशीच चप्पल अडकवून धामणकर नाक्यावरच्या ओळखीच्या मेडिकलमध्ये गेले.

फार्मासिस्टने फोटो मोठा करून पाहिला आणि पहिलंच म्हणाला की यादीत औषधांची मूळ नावं असतात, तुम्ही शोधताय ते कंपनीने दिलेलं नाव. पाकिटावर मूळ नाव बारीक अक्षरात असतं, ते वाचून दाखवायला सांगा. भावाला फोन लावला. आता आमच्या आईची सवय अशी की पाकीट हातात आलं की कात्रीने एकेक गोळी सुटी करायची आणि चंचीत टाकायची. भावाने चंची पालथी केली आणि उरलेल्या तुकड्यांवरची अक्षरं जुळवत वाचली. डायक्लोफेनॅक. फार्मासिस्टचा चेहरा बदलला.

"ही दुखण्याची गोळी रक्ताच्या गोळीबरोबर घेतली तर रक्तस्राव होतो, तिला द्यायची नाही. एकसुद्धा नाही," तो म्हणाला. "रक्ताची गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका, ते डॉक्टर ठरवतील. आधी विचारा, हिरड्यांतून रक्त येतंय का, शौचाला काळं होतंय का."

भावाने आईला विचारलं, ती न्हाय म्हणाली. फार्मासिस्टने सुस्कारा टाकला. मला मात्र ते पटेना. आमची आई दिवसातून चारदा मिश्री लावते. तिची थुंकी कायमच काळपट. त्यात रक्त आहे की नाही हे कोण बघणार, कपाळ! मी भावाला म्हटलं, तिला स्वच्छ पाण्याने चूळ भरायला लाव, दोन-तीनदा, आणि पांढऱ्या फडक्यावर थुंकायला सांग. फोन चालूच होता. नाक्यावरच्या ट्रकांचे हॉर्न, रिक्षावाल्यांची ओरड, आणि पलीकडे नुसत्या चुळांचा आवाज. मी काउंटरची काच घट्ट धरून उभी होते.

"ताई, लाल हाय," भाऊ म्हणाला. "सगळं लाल हाय."

फार्मासिस्टने सांगितलं, ताबडतोब हॉस्पिटलला न्या, दोन्ही गोळ्यांचे तुकडे आणि तो कागद बरोबर घ्या, वाटेत काही देऊ नका. भावाने रिक्षा केली, नाक्यावर मी तीत बसले. आई तोंडाला पदर लावून बसली होती. मी देवाला नाही नाही ते नवस बोलले.

रक्त तपासलं तर ते फारच पातळ झालं होतं. तिला दाखल केलं, औषधं दिली, आणि दोन दिवसांनी चूळ स्वच्छ आली. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडे दिवस गेले असते तर पोटात किंवा डोक्यात रक्तस्राव झाला असता. गुडघ्याचं औषध आता त्यांना विचारूनच.

धीर आल्यावर मी आईला फैलावर घेतलं. घ्यायच्या आधीच विचारलंस, मग इतकं कसं झालं? किती घेतल्यास खरं सांग.

"आठवडाभर घेत व्हते," ती म्हणाली. "सकाळी चूळ भरताना लाल दिसलं तवा मीच भ्याले, म्हून तुला इचाराया लावलं."

"मग घेऊ का म्हणून कशाला विचारलंस? घेतल्यात, रक्त येतंय, असं सांगायचं ना."

"तू रागावशील म्हणून."

एवढंच म्हणाली आणि माझा हात धरला. तिचा हात गार पडला होता.