तेपाएरूच्या केसांचा सोहळा

मोएरोआ रोज सकाळी नवऱ्याच्या थडग्यावर बसून अळूचे कंद सोलते. थडगं अंगणातच आहे, सिमेंटचं, वर पत्र्याचं छप्पर, त्यामुळे सावली चांगली पडते. साली खाली पडल्या की कोंबड्या धावत येतात आणि ती नवऱ्याला म्हणते, "पाय आवर, आल्या बघ तुझ्या लाडक्या." तिचं बोलणं तीन घरं पलीकडे ऐकू जातं. आता त्या तिन्ही घरांना कुलपं आहेत हा भाग वेगळा.

आमचं माउके बेट रिकामं होत चाललं आहे. मोएरोआचे दोन मुलगे ब्रिस्बेनला, मुलगी ऑकलंडला. माझेही तिकडेच. तरुण पोरं विमानात बसतात, आम्ही त्यांच्या गळ्यात फुलांच्या माळा घालतो, आणि पुढच्या पावसाळ्यात त्यांच्या दारावर वेल चढलेली असते. मी खडकाळ रानात मायरेच्या सुगंधी वेली तोडून विकते. त्या वेलींनाही विमानाने परदेशी जायची घाई असते.

राहिलेल्या आम्ही चौघी बुधवारी मोएरोआच्या पडवीत शिवायला बसायचो. मी, पाद्रीबाई पोको, मोएरोआ आणि तेपाएरू. मोएरोआ कापणारी. कापड चौपदरी, मग आठपदरी दुमडायचं आणि न आखता, न मोजता, एका दमात कात्री फिरवायची. घडी उलगडली की अख्खं फूल हात पसरून समोर पडतं. अशी कापणारी आता आमच्याकडे दुसरी नाही, हे मी छाती पुढे काढून सांगते, कारण तिने कापलेल्या कितीतरी चादरींवर माझे टाके आहेत. अशा चादरीला आम्ही तिवाएवाए म्हणतो. लग्नात देतात, मुलाच्या केस कापण्याच्या सोहळ्याला देतात, आणि माणूस गेलं की त्याला तीतच गुंडाळून मातीत ठेवतात.

तेपाएरू ही मोएरोआची बालमैत्रीण. बारीक, कमी बोलणारी, टाका मात्र मुंगीच्या पावलाचा. मोएरोआ दिवसभर बोलायची आणि तेपाएरू फक्त "हं" म्हणायची. त्या एका "हं"वर मोएरोआचा दिवस उभा असायचा. मग तेपाएरूच्या मानेत गाठी आल्या. पुढे काखेत आल्या. रात्री अंथरूण घामाने भिजायला लागलं. तिला ऑकलंडला मुलीकडे नेलं आणि तिथल्या मोठ्या इस्पितळातून निरोप आला की गाठींचा कर्करोग आहे, सलाइनमधून औषध देणार, महिनोन्महिने.

त्याच आठवड्यात पोकोने लाल कापड आणलं. कशासाठी ते कोणी विचारलं नाही. मोएरोआने कापलं. तेपाएरूच्या दारात फुलायचं ते जास्वंदच तिने कापडात कापलं. आम्ही तिघी टाचत गेलो. तीन कोपरे झाले, चौथा तेवढा राहिला होता, तेव्हा फोन आला.

फोन पोकोच्या घरी आला. ती धापा टाकत आली आणि पडवीच्या पायरीवर बसली.

"तेपाएरूचा रोग दिसत नाही म्हणे. रेमिशन म्हणाला डॉक्टर. शुक्रवारच्या विमानाने येते आहे." मग लगेच चादरीकडे बघून म्हणाली, "ही आधी उचला."

मी घडी घालायला लागले. मोएरोआने माझ्या हातावर चापट मारली.

"राहू दे. शुक्रवारी जेवण करायचं. डुक्कर मी देते."

"मोएरोआ, सबुरीने घे," पोको म्हणाली. "रेमिशन म्हणजे बरं होणं नव्हे. उलटतो तो रोग. तुताईचं विसरलीस? तो पण असाच परत आला, आपण अख्खं गाव जेवू घातलं, आणि नाताळाच्या आधी त्याला पुरला. सगळं वाया."

"वाया कसं गेलं? तो जेवला की. दोनदा वाढून घेतलं त्याने. माझ्या हातचं नारळाच्या दुधातलं रुकाऊ चाटून खाल्लं."

"आपण आशा दाखवायची, आणि उद्या काही झालं तर?"

"उद्या झालं तर उद्या रडू. तुझं रडणं काय नासतंय का, आधी काढून ठेवायला?"

पोको रागावून गेली. पण तिचं म्हणणं गावाचं म्हणणं होतं. आम्ही इतक्या जणांना निरोप दिला होता की आनंद करायची भीती वाटायची. मलाही वाटायची. मोएरोआला मात्र एकच हवं होतं: तेपाएरूने पडवीत येऊन बसावं आणि "हं" म्हणावं. ती मला म्हणाली, "अकाइती, ती परत आली की बुधवार परत येईल बघ."

शुक्रवारी आम्ही धावपट्टीच्या छपराखाली उभे होतो. प्रत्येकाच्या हातात एकेक माळ होती आणि चेहरे प्रार्थनेला उभे राहिल्यासारखे. तेपाएरू विमानातून उतरली. डोक्याला रुमाल, अंगावरचं कापड लोंबत होतं. लोक तिच्याशी असे बोलले की जणू ती काचेची आहे.

"जपून चाल."

"देवाच्या मनात असेल तसं होईल."

"पुढची तपासणी कधी?"

एकेका शब्दागणिक तेपाएरू लहान होत गेली. "तीन महिन्यांनी," ती म्हणाली आणि खाली बघायला लागली. आपल्याच चांगल्या बातमीची तिला लाज वाटत होती.

तेवढ्यात मोएरोआचा ट्रक आला. तिने माळांवर माळा घातल्या. गार्डेनियाच्या, चाफ्याच्या, माझ्या मायरेच्या. तेपाएरूचं नाक तेवढं वर उरलं. मग तिचे दोन्ही दंड धरून म्हणाली, "सांग. डॉक्टर काय म्हणाला, त्याच्याच शब्दांत."

"रोग दिसत नाही म्हणाला."

"असं नाही. पहिल्यापासून. कुठे बसली होतीस? अंगात काय होतं?"

तेपाएरूने वर बघितलं. हे तिला कोणी विचारलं नव्हतं.

"निळा झगा," ती म्हणाली. "मुलीचा. मला ढगळ होत होता. आधी त्यांनी शिरेतून साखरेचं औषध सोडलं आणि नळकांड्यात निजवलं. रोग असेल तिथे साखर जमते आणि चित्रात दिवा लागल्यासारखं दिसतं. पहिल्या वेळी माझी मान, काख, पोट, सगळीकडे नुसते दिवेच दिवे होते. या वेळी डॉक्टरने पडदा माझ्याकडे वळवला. म्हणाला, शोध कुठे दिवा दिसतोय का. मी शोधलं. नव्हता."

"कुठेच?"

"हृदयात उजेड होता थोडा. डॉक्टर म्हणाला, तिथे असतोच, हृदय चालतंय म्हणून."

"आणि मग?"

"मग म्हणाला, याला पूर्ण रेमिशन म्हणतात. बरी झालीस असं मी आज म्हणत नाही, त्याला वर्षं जावी लागतील. पण आज तुझ्या अंगात रोग सापडत नाही."

"आज नाही," मोएरोआ म्हणाली आणि लोकांकडे वळली. "ऐकलंत? मागच्यांना ऐकू आलं नाही. परत सांग गं."

तिने तेपाएरूकडून ते तीनदा वदवून घेतलं. तिसऱ्या वेळी तेपाएरूचा आवाज मोठा झाला, आणि नळकांड्यात तिला शिंक आली तो भागही तिने सांगितला. लोक हसले. मोएरोआ एकदाही म्हणाली नाही की मला ठाऊकच होतं तू बरी होणार. आता सगळं पहिल्यासारखं होईल, हेही नाही. ती म्हणाली, "मला फार आनंद झालाय, तेपाएरू. माझे पाय थरथरतायत बघ." आणि ते खरंच थरथरत होते.

पडवीत खुर्ची मांडलेली होती. तिच्यावर ती लाल चादर पसरलेली होती, चौथा कोपरा तसाच कच्च्या टाचणीवर. पोकोने तोंडाला पदर लावावा तसा हात लावला. तेपाएरूने चादर पाहिली. जास्वंद कोणाच्या दारातलं ते तिला सांगावं लागलं नाही.

"माझीच ना ही?" तिने विचारलं. "कितपत आली होती?"

"एक कोपरा राहिलाय. तू लवकर आलीस," मोएरोआ म्हणाली.

तेपाएरू आधी नुसती बघत राहिली. मग तिच्या पोटातून हसू आलं, आणि ते आवरेना.

"बस," मोएरोआ म्हणाली. "आपल्याकडे पोराला चादरींच्या खुर्चीवर बसवून एकेकाने बट कापायची आणि मांडीवर भेट ठेवायची असते. तुझे केस त्या डॉक्टरांनी फुकटात कापले. भेट आमच्याकडे राहून गेली."

तिने तेपाएरूच्या डोक्यावरचा रुमाल काढला. आत नुकती उगवलेली मऊ करडी लव होती, पिल्लाच्या अंगावर असते तशी. मोएरोआने त्यावरून तळवा फिरवला आणि पहिली भेट मांडीवर ठेवली: आपली कात्री. मग एकेक जण आला. डोक्यावरून हात फिरवायचा आणि काहीतरी ठेवायचं. कोणी नारळ ठेवला, कोणी कोंबडी, कोणी शिंपल्यांची माळ. शेवटी पोको आली. तिने हात फिरवला तो काढेचना.

"मला मेलीला भीती वाटते गं," ती म्हणाली.

"मलाही वाटते," तेपाएरू म्हणाली. "पण आज नको."

भुईतल्या भट्टीतून भाजलेलं डुक्कर निघालं. तेपाएरूला चव अजून नीट लागत नव्हती, तरी तिने दोनदा वाढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ती पडवीत आली आणि चौथा कोपरा स्वतः शिवायला बसली. मोएरोआ बोलत होती. बुधवारी काय कापायचं, कोणता रंग. तेपाएरू "हं" म्हणाली नाही. दोरा तोडून तिने सांगितलं, "दर तीन महिन्यांनी तपासणी आहे. रक्त, डॉक्टर, सगळं तिथेच. इथून जाणं-येणं व्हायचं नाही. पोरीने खोली केलीय माझ्यासाठी. मी घराला कुलूप लावायला आले होते."

मोएरोआचा हात कापडावर तसाच राहिला. अंगणात कोंबड्या भांडत होत्या. मी तिच्याकडे बघितलं नाही, बघवलं नाही.

"खोलीला खिडकी आहे का?" तिने विचारलं.

"आहे. रस्त्याकडे."

"मग चादर उन्हात घालू नकोस. लाल रंग उडतो."

ती उठली आणि चहा ठेवायला गेली. बराच वेळ आली नाही.

तेपाएरू गेली तेव्हा मोएरोआने पुन्हा तितक्याच माळा घातल्या आणि विमान ढगात शिरेपर्यंत हात हलवला. परत येताना ट्रकमध्ये मी म्हटलं, असा निरोप दिलास, बरं केलंस. ती म्हणाली, "बरं काय त्यात? ती जिवंत आहे, मला आनंद झालाय. आणि आता मला घरी जायचं नाही. दोन्ही खरं आहे." म्हणून आम्ही बेटाला फेरी मारली. रस्त्यात कोणी भेटलं नाही.

कात्री तेपाएरू मोएरोआच्या उशीखाली ठेवून गेली होती. ती अजून तिथेच आहे. बुधवारी पोको आणि मी जातो, बसतो, जुन्या चादरींचे सुटलेले टाके घालतो. कापायला कोणी सांगत नाही. कोणासाठी कापायचं?

तीन महिन्यांनी तेपाएरूचा फोन आला, तिच्या मुलीने पाठवलेल्या मोबाइलवर. मोएरोआने तो कानाशी न धरता तोंडासमोर धरला आणि तिचा आवाज कुलपं लावलेल्या घरांवरून गेला.

"थांब, थांब. पहिल्यापासून सांग. कुठे बसली होतीस? अंगात काय होतं?"

ती ऐकत होती, हसत होती, मध्येच थडग्यावर थाप मारून नवऱ्याला सांगत होती, "दिवा नाही. एकही नाही." शेवटी बोलणं संपलं. तिने फोन मांडीवर ठेवला, तोंड पुसलं आणि समोरच्या घराकडे बघत बसली. तेपाएरूच्या दारावर वेल चढली होती, आणि जास्वंद तिच्यातून कुठेकुठे डोकं काढत होतं.

मग तिने कंद उचलला आणि सोलायला लागली. कोंबड्या आल्या. आज तिने नवऱ्याला पाय आवरायला सांगितलं नाही.