साड्या कुठं जाणार?

चौसाळ्याच्या बाजारात शंकरप्पांचं किराणा दुकान आहे. गल्ल्यावर शंकरप्पा बसतात, पण दुकानाची नजर म्हणायची ती त्यांच्या बायकोची, महानंदाची. नव्वदीनंतर शांपूच्या नि चहाच्या पुड्यांच्या माळा खेडोपाडी लटकायला लागल्या. एकाच रंगाच्या चार-चार कंपन्या आल्या, तेव्हा पुडी उलटी करून बारीक अक्षर वाचायची सवय तिला लागली. कुणी बनवलं, कुठं बनवलं, तक्रार कुणाकडं करायची. पत्ता नसला की एजंटाला सरळ सांगायची, "दादा, बिनबापाचा माल आमच्यात चालत न्हाई."

पुढं दुकानंच मोबाइलात आली, तरी ती सवय सुटली नाही. गल्लीतल्या बायका फोन घेऊन यायच्या, "वैनी, हे दुकान खरं हाय का?" महानंदा चष्मा चढवायची. वरची चित्रं बघायचीच नाही, बोटानं सरसर सरकवत थेट तळाशी जायची. संपर्काचं पान, टपालाचा पत्ता, माल परत घ्यायचे नियम, तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव. ही चार माणसं एकाच घरची दिसली तर सौदा करायचा, असा तिचा हिशेब. शेजारच्या मोबाइलवाल्या पप्पूचे स्पीकरचे पैसे तिनं असेच वाचवले होते. दुकान नागपूरचं आणि माल परत पाठवायचा पत्ता हरियाणाचा.

"काकू, तुमी पोलिसात पाहिजे होत्या," पप्पू म्हणाला होता.

"तुझी चौकशी करायला का रे?" महानंदानं विचारलं, आणि अख्खी गल्ली हसली होती.

ते हसू रोहिणी असतानाचं. रोहिणी म्हणजे त्यांची एकुलती एक लेक, धर्मापुरीला दिलेली. पावसाळ्यात कावीळ झाली, ती पोटात उतरली आणि आठ दिवसांत सगळं संपलं. समाधी सासरच्या मळ्यात दिली. तिची लहानगी ईश्वरी तेवढी आजोळी आली. आता जावई दिवाळीनंतर पोरीला न्यायला येणार होता. बाप आहे तिचा, नाही कसं म्हणायचं?

रोहिणीच्या साड्या महानंदाच्या कपाटात होत्या. ईश्वरी दुपारी कपाट उघडून त्यांच्यात तोंड खुपसून बसायची. पोरगी जाताना आईचं काहीतरी पांघरायला न्यावं, एवढंच महानंदाच्या मनात होतं. गल्लीच्या टोकाला कडूबाई गोधड्या शिवायची. पण लहान दुपट्यासाठी साड्या कापाव्या लागणार, आणि ती कातर महानंदाच्या डोळ्यांदेखत चालणार. ते तिला सोसवेना.

अशात फोनवर ते दुकान दिसलं. 'गेलेल्या माणसाचे कपडे पाठवा, आम्ही मायेची गोधडी शिवून देऊ.' खाली पत्ता होता, कपिलधार रोड, मांजरसुंबा. कपिलधार म्हणजे मन्मथ स्वामींची समाधी, वर्षातून एकदा तरी जिथं डोकं टेकवायचं ती जागा. महानंदानं हात जोडले.

"आवं, आपल्याच माणसांचं दिसतंय," ती शंकरप्पांना म्हणाली. "स्वामींच्या पायाशी बसून कुणी खोटं करंल का?"

शंकरप्पांनी मान हलवली. दोघांनी मिळून साड्यांची पिशवी बांधली. पहिल्यांदाच महानंदा पानाच्या तळाशी गेली नव्हती.

गेली ती दुसऱ्या दिवशी, तेही पिशवीवर पत्ता लिहायचा म्हणून. संपर्काच्या पानावर मांजरसुंब्याऐवजी पुण्याचा पत्ता होता. असेल, कचेरी पुण्यात असेल, तिनं मनाला समजावलं. पुण्याच्या त्या पत्त्याखालचा पिनकोड मात्र अकरानं सुरू होत होता. आपल्या मुलखाचे सगळे चारानं सुरू होतात, अकरा म्हणजे दिल्ली. चुकला असेल आकडा. मग माल परत घ्यायचे नियम उघडले. 'लेबल न काढलेला, न वापरलेला ड्रेस सात दिवसांत परत करावा.' गेलेल्या माणसाच्या साडीला कुठलं लेबल? वर त्या नियमांत कंपनीचं नाव भलत्याच दुकानाचं होतं. कुणाचे तरी उचलून चिकटवलेले. गोधडी शिवली नाही तर साड्या परत कशा मिळणार, याबद्दल अवाक्षर नाही.

शेवटी तक्रार निवारण अधिकारी. तिथं नावच नव्हतं. नुसता हुद्दा आणि एक नंबर, तोही संपर्काच्या पानावरच्या नंबराहून वेगळा.

दुसऱ्या कुणासाठी बघत असती तर महानंदानं पुण्याचा पत्ता बघूनच फोन बाजूला ठेवला असता. इथं ती प्रत्येक ठिगळाला स्वतःच सबब शिवत बसली होती. तिनं तक्रारीचा तो नंबर लावला.

"साड्या कुठं पाठवू?"

"आप पॅक करके रखो माँजी, लडका आके लेके जायेगा."

"पण जाणार कुठं?"

"अ‍ॅड्रेस वेबसाइट पे है ना."

"कोणता? मांजरसुंब्याचा का पुण्याचा? का पिनकोड हाय तिकडचा?"

पलीकडून फोन ठेवला गेला. पुन्हा लावला तर लागेना.

तरी तिला आशा होती. शंकरप्पा मालासाठी बीडला निघाले, तेव्हा म्हणाली, "जाता जाता मांजरसुंब्याला उतरा. विचारा तरी."

संध्याकाळी ते परत आले. मालाची पिशवी खाली ठेवून बराच वेळ टोपीच झटकत राहिले.

"फाट्यावर विचारलं, रस्त्यानं आतपर्यंत चालत गेलतो. चहावाल्याला, पंक्चरवाल्याला, समद्यांला विचारलं. तसलं दुकान कुणी बघितलंबी न्हाई."

"चोरच असतील असं न्हाई म्हणत मी," महानंदा हळूच म्हणाली. "पर साड्या कुठं जातील ते सांगता येत न्हाई. आन् परत मागायच्या तर कुणाला मागायच्या, तेबी न्हाई."

"मग?"

"मग काय. न्हाई पाठवायच्या."

एवढं बोलून ती साड्यांच्या पिशवीची गाठ सोडायला बसली. ती तिनंच घट्ट मारली होती, सुटता सुटेना. शंकरप्पा मदतीला वाकले आणि तसेच तोंड फिरवून दुकानात गेले. गिऱ्हाईक कुणी नव्हतं.

सकाळी तिनं कडूबाईला बोलावलं. कडूबाईनं रोहिणीला परकरात बघितलेलं. तिनं साड्यांवरून हात फिरवला. मग म्हणाली, "वैनी, तुमी आत बसा. मी फाडते."

"नको. माझ्यासमोर होऊ दे."

"कावून जिवाला तरास?"

"परक्या माणसाच्या हातानं उरकायला निघाले होते मी. जमलं न्हाई. आता मीच करते."

तिनं हिरवी साडी पुढं ओढली आणि काठाला कातर लावली. दोन बोटांएवढं कापलं आणि हात थांबला. तेवढ्यात ईश्वरी येऊन पुढ्यात उभी राहिली.

"आज्जी, आईची साडी कावून फाडती?"

कडूबाईनं खाली बघितलं. महानंदानं कातर बाजूला ठेवली.

"समदी साडी तुला उचलंल का, बाळा? म्हणून लहान करायली. तू नेशील तेवढी."

"मी कुठं चाललेय?"

"बाबाकडं."

"आन् तू?"

महानंदानं कापलेल्या काठाचं एक टोक तिच्या मुठीत दिलं.

"हे धर. घट्ट धर."

पोरीनं दोन्ही हातांनी धरलं. महानंदानं दुसरं टोक ओढलं, आणि साडी टरकत सरळ दोघींच्या मधून फाटत गेली.