मालकांच्या नावाचं बिल

अन्नपूर्णाबाईचं तोंड म्हणजे काय सांगावं! देऊळगाव राजाच्या बाजारात तिच्याशी भाव करायला गेलेला माणूस घागर तर घ्यायचाच, वर एक तांब्याही घेऊन निघायचा. नवरा गेल्यावर भांड्यांचं दुकान तिनंच सांभाळलं. मध्यप्रांत-वऱ्हाडात नवा विक्रीकर लागला, तेव्हा दुकानाच्या नोंदणीचा दाखलाही दिराला न विचारता स्वतःच्या नावावर काढला.

आणि मलकापूरच्या पेढीवरून मालाबरोबर बिल आलं ते महादेवरावांच्या नावाचं! महादेवराव म्हणजे तिचे मालक; त्यांना जाऊन दीड वर्ष झालं होतं. बिलावर दाखल्याचा नंबरही नाही, म्हणून पेढीनं विक्रीकर लावून ठेवलेला. माल पुढं विकायलाच घेतलेला, मग हा कर कशापायी? त्या भावानं घागरी विकायच्या म्हणजे गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाणार, हे उघडच होतं. बाईनं बिल पदराला बांधलं आणि दोन मोटारी बदलून मलकापूर गाठलं.

पेढीचे मुनीम भगवंतराव बिल पाहून ओशाळले. "वैनी, तीस वर्सं हेच नाव लिवून राह्यलो. हाताले सवय झाली. थांबा, खोडून वर तुमचं लिवतो."

"खोडायचं काम नाही, मुनीमजी! खाडाखोड पाह्यली का विक्रीकराचा सायेब मलेच लबाड म्हणन. हे बिल परत घ्या, नवं द्या. हा घ्या दाखला."

"पन बाईमानसाच्या नावानं बिल... आपल्या पेढीत कधी फाडलंच नाही हो."

"बरं मंग." बाई गादीच्या कडेला ऐसपैस बसली. "माल विकायले घेतला, असं लिहून माल घेणाऱ्यानं सही द्या लागते ना? बिल त्याइच्या नावाचं, तर सही बी त्याइचीच पाह्यजे. बोलवा त्याइले! मी बसते इथंच."

दाराशी बसलेला हमाल पुंजाजी फस्सकन हसला. मुनिमांना असा ठसका लागला की चष्मा नाकावरून घसरला. मग मात्र त्यांनी निमूट नवं बिल केलं. बाईचं नाव, दाखल्याचा नंबर, कर वगळलेला, आणि जुन्या बिलाच्या बदल्यात हे दिलं, अशी नोंद. बाईनं जीभ दातात धरून, एकेक अक्षर लावत सही केली. स्वारी खूश होती.

"आता हे जुनं रद्द करतो," म्हणत मुनिमांनी बिल आणि पेढीतली प्रत शेजारी मांडली, टाक लाल शाईत बुडवला आणि नावावर टेकवणार, तोच बाई ओरडली, "थांबा!"

मुनीम दचकले. इतका वेळ भांडणाऱ्या बाईच्या डोळ्यांत पाणी होतं.

"त्याइच्या नावावर रेघ नका मारू," ती म्हणाली. "खाली आकडे हायेत ना, त्याइच्यावर मारा."

मुनिमांनी दोन्ही प्रतींवर आकड्यांवरून रेघ ओढली, खाली 'रद्द' लिहिलं, आणि वरचं नाव तसंच राहू दिलं.